दादरला उतरेपर्यंत पावती सोडायची नाही

«मी अकोला जिल्ह्यातल्या एका गावात राहते. पुढच्या महिन्यात आईला तपासणीसाठी परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये न्यायचं आहे. राहायची सोय दादरच्या धर्मशाळेत झाली आहे. आमची गाडी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला पोचते. मी, आई आणि बाबा असे तिघं आहोत, सोबत दोन मोठ्या बॅगा आणि एक गाठोडं. मुंबई आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. मागच्या वर्षी आमचे काका याच स्टेशनवरून दादरला गेले, तर त्यांच्याकडून नऊशे रुपये घेतले. कुणी म्हणतं स्टेशनबाहेर प्रीपेडची खिडकी असते, तिथेच पैसे भरा. कुणी म्हणतं तिथे जास्त पैसे लागतात, सरळ मीटरने जा. पैसे आधीच भरले आणि टॅक्सीवाल्याने वाटेत उतरवलं तर काय करायचं? आईला फार चालवत नाही, म्हणून काळजी वाटते.»

— एक वाचक, अकोला जिल्हा

ताई, खिडकी उघडी असेल तर प्रीपेडच घ्या. मीटरपेक्षा थोडे जास्त पैसे लागले तरी घ्या. कारण पुढे सांगतेच, पण त्याआधी घरी बसून एक हिशेब करा, म्हणजे कुणी आकडा सांगितला की तो बरा की वाईट हे तुमचं तुम्हाला कळेल.

मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे सध्याचे दर १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाले. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि त्यापुढे किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे. टर्मिनसपासून दादर पूर्व साधारण ८ किलोमीटर धरा. दीड किलोमीटरचे ३१ झाले. उरलेल्या साडेसहा किलोमीटरचे १३४ रुपये आणि काही पैसे. बेरीज १६५ रुपये. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत यावर २५ टक्के जादा भाडं लागतं, म्हणजे सव्वाचारला निघालात तर साधारण २०७ रुपये. मोठ्या बॅगांचे नगाप्रमाणे थोडे वेगळे लागतात. प्रीपेडच्या खिडकीवर यापेक्षा काही रुपये जास्त सांगतील, कारण तिथे भाडं पूर्ण विभागाचं मिळून ठरवलेलं असतं आणि वर सेवाशुल्क असतं. अडीचशे, तीनशेच्या घरातला आकडा आला तर वाद न घालता भरा. काकांनी नऊशे मोजले, म्हणजे मीटरच्या चौपटीहून जास्त.

आता मीटरने जावं असं सांगणाऱ्यांबद्दल. त्यांचं म्हणणं चूक नाही. फक्त ते मुंबईत राहणाऱ्या माणसाच्या नजरेतून बोलतात. मीटर दर पक्का करतो, रस्ता पक्का करत नाही. किलोमीटरला किती हे सरकारने ठरवलं आहे, पण किती किलोमीटर फिरायचं हे स्टिअरिंगवरचा माणूस ठरवतो. टॅक्सी टर्मिनसमधून निघून दादरच्या वाटेवरच्या शीवकडे वळली का भलतीकडेच गेली हे मुंबईकराला दोन मिनिटांत कळतं आणि तो लगेच विचारतो, «इकडून कुठे?» तुम्हाला पहाटेच्या अंधारात सगळे पूल सारखेच दिसणार. मीटर अगदी चोख असेल, आकडाही खरा असेल, तरी आठ किलोमीटरचे चौदा झाले तर तक्रार करायला जागा उरत नाही. तुम्ही खरोखरच चौदा किलोमीटर फिरलेल्या असता.

प्रीपेडमध्ये रक्कम आधीच ठरते, त्यामुळे लांबच्या वाटेने नेलं तर गॅस टॅक्सीवाल्याचा जळतो आणि हातात एक रुपया जास्त येत नाही. साहजिकच तो सगळ्यात जवळचा रस्ता धरतो. नवख्या माणसाला रस्ता माहीत नसला तरी चालतं, ही या पद्धतीतली खरी गोम आहे. मीटरपेक्षा जे तीस-चाळीस रुपये जास्त जातात ते याचेच समजा.

दुसरी गोष्ट घासाघीस कुठे होते त्याची. ठरवून न घेतलेल्या टॅक्सीत पैशांचं बोलणं शेवटी होतं, आणि शेवटी तुमची बाजू सगळ्यात कमकुवत असते. बॅगा टपावर बांधलेल्या, आई दमलेली, रस्त्यावर दुसरं वाहन नाही, आणि समोरचा म्हणतो, «इतना ही होता है.» काका असेच सापडले असणार. प्रीपेडमध्ये पैशांचं सगळं बोलणं खिडकीशी उरकतं, तेही अशा माणसाशी ज्याला तुम्ही कोणत्या गाडीत बसता याच्याशी देणंघेणं नसतं. टॅक्सीत बसल्यावर पैशांबद्दल बोलायला विषयच राहत नाही.

खिडकीकडे जाण्याआधी रिक्षाचं सांगते, कारण टिळक टर्मिनसला उतरणारे बरेच जण इथेच फसतात. टर्मिनसबाहेर रिक्षाही असतात आणि टॅक्सीही. गावाकडून आलेला माणूस सवयीने रिक्षाकडे वळतो, ती स्वस्तही वाटते. पण मुंबईत रिक्षाला शीव आणि माहीमच्या पलीकडे, म्हणजे दक्षिणेला, जायला परवानगीच नाही. दादर शीवच्या पुढे आहे. तेव्हा कुणी रिक्षावाला «दादर? बसा» म्हणाला, तर तो तुम्हाला शीवला उतरवणार आणि तिथून तुम्हाला दुसरी टॅक्सी शोधावी लागणार. वाटेत उतरवण्याची तुमची भीती प्रत्यक्षात येते ती बहुतेक वेळा अशी. त्यात रिक्षावाल्याचा उद्धटपणा असतोच असं नाही, पुढे गेला तर त्याला दंड बसतो. फक्त हे तो बसवताना सांगत नाही. प्रीपेड रिक्षाची खिडकी दिसली तरी तिकडे जाऊ नका. तुमच्यासाठी टॅक्सीच. कुर्ला, घाटकोपर, चेंबूर अशा उपनगरांत जायचं असतं तर रिक्षा उत्तम होती, तिचं भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपयांपासून सुरू होतं.

गाडीतून उतरल्यापासून सांगते. प्लॅटफॉर्मवरच दोन-चार जण विचारतील, «टॅक्सी? कहाँ जाना है?» उत्तर द्यायचं नाही. ठिकाणाचं नाव तर अजिबात सांगू नका, कारण नाव कळलं की तो तुमच्या बरोबरीने चालू लागतो आणि बाहेरच्या चार जणांना «दादरवाले मेरे हैं» असं कळून जातं. बॅगेला कुणी हात लावला तर बॅग सोडू नका, «नको» एवढंच म्हणा आणि चालत राहा. ही माणसं सहसा स्वतः टॅक्सी चालवत नाहीत. गिऱ्हाईक आणून दिल्याचे पैसे त्यांना मिळतात, आणि ते पैसे शेवटी तुमच्याच भाड्यात घातले जातात.

खिडकीकडे जाताना ऐकू येणारी वाक्यंही ठरलेली आहेत. «खिडकी बंद आहे.» «आज प्रीपेडवाल्यांचा संप आहे.» «लाइन मोठी आहे, तासभर लागेल.» यातलं एखादं कधीतरी खरंही असतं, पण ते आपण स्वतः खिडकीसमोर जाऊन बघायचं. सगळ्यात चलाख वाक्य म्हणजे «मी प्रीपेडचाच आहे, या.» प्रीपेडचा माणूस खिडकीच्या आत बसलेला असतो. तो प्लॅटफॉर्मवर फिरत नाही. जो हातात पावतीपुस्तक घेऊन बाहेर उभा आहे, त्याच्याकडून पावती घेऊ नका.

एकाने आईजवळ थांबायचं, एकाने खिडकीशी जायचं. बाबांना आईसोबत बॅगा घेऊन उजेडात बसवा आणि तुम्ही जा.

खिडकीवर नुसतं «दादर» म्हणू नका. दादर पूर्व आणि पश्चिम असं रेल्वेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे, आणि एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला टिळक पुलावरून वळसा पडतो. पावतीवर पश्चिम लिहिलं आणि जायचं होतं पूर्वेला, तर टॅक्सीवाला म्हणेल की माझं ठिकाण आलं, पुढचे वेगळे पैसे द्या, आणि त्याचं म्हणणं अगदी खोटं नसेल. धर्मशाळेत आजच फोन करून पत्ता पूर्ण लिहून घ्या: पूर्व की पश्चिम, कोणता रस्ता, जवळची ओळखीची खूण. खिडकीवर तो कागदच पुढे करा. «दादर पूर्व, अमुक रस्ता, तीन माणसं, दोन मोठ्या बॅगा आणि एक गाठोडं», असं सगळं एका दमात सांगा. बॅगा लपवू नका. पावतीवर सामान लिहिलेलं असलं की नंतर «सामान का अलग लगेगा» म्हणायची सोय राहत नाही. टॅक्सीत चार प्रवासी बसतात, तुम्ही तिघं, त्यामुळे दोन गाड्या घ्या असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या.

त्याच दिवशी हॉस्पिटलमध्येही जायचं असेल तर एक गोष्ट आधीच ठरवा. «आधी धर्मशाळेत सामान टाकू, मग याच टॅक्सीने परळला जाऊ» हा विचार सोपा वाटतो, पण प्रीपेडची पावती एका ठिकाणाची असते. वाटेत थांबणं तिच्यात बसत नाही. तुम्ही टॅक्सीवाल्याला दादरला थांबायला सांगितलंत की तुम्हीच घासाघिशीचं दार उघडून दिलंत. दादर ते परळ अंतर थोडं आहे. सामान टाका, आईला विश्रांती द्या, आणि मग दादरहून वेगळी मीटरची टॅक्सी करा. तो प्रवास इतका छोटा आहे की कुणी फिरवून फिरवून किती फिरवेल?

पैसे देताना सुट्टे जवळ ठेवा. पाचशेची नोट दिली की पहाटे सुट्टे नसण्याची अडचण येते. मग खिडकीतूनच «ड्रायव्हरकडून घ्या» असं उत्तर येतं. हे मान्य करू नका, कारण ड्रायव्हरकडे तुमचे पैसे अडकले म्हणजे प्रीपेडचा अर्थच संपला. शंभर-पन्नासच्या नोटा वेगळ्या खिशात असू द्या.

पावती हातात आली की खिडकीसमोरच वाचा. मागे रांग असली तरी वाचा. तारीख आणि वेळ, ठिकाण, सामान, रक्कम आणि टॅक्सीचा नंबर. नंबर बऱ्याच ठिकाणी पावतीवरच लिहून देतात, काही ठिकाणी रांगेत लागलेली पुढची टॅक्सी दाखवतात आणि मग नंबर लिहितात. नंबर लिहिलेला नसेल तर टॅक्सीत बसण्याआधी तुम्हीच पावतीवर लिहा. मग पावतीचा आणि गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून घरी कुणालातरी पाठवा. तुम्ही कोणत्या गाडीत बसलात याची नोंद खिडकीकडे असते, हे टॅक्सीवाल्यालाही माहीत असतं. पहाटेच्या वेळी दोन बायका आणि एक वयस्क माणूस अनोळखी गाडीत बसतात, तेव्हा पैशांपेक्षाही ही नोंद जास्त कामाची.

खिडकीवर एक प्रश्न अवश्य विचारा: «यातला कोणता भाग ड्रायव्हरला द्यायचा, आणि कधी?» कारण सगळीकडे पद्धत एकसारखी नाही. काही शहरांत खिडकीवर फक्त एक-दोन रुपये सेवाशुल्क घेतात, भाडं पावतीवर लिहून देतात आणि ते उतरताना चालकाला द्यायचं असतं. काही ठिकाणी पावती दोन तुकड्यांची असते, एक तुमच्यापाशी राहते आणि एक चालकाची. पूर्ण भाडं खिडकीवर भरलं असेल, तर मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

तुम्ही भरलेले पैसे त्या क्षणी टॅक्सीवाल्याला मिळत नाहीत. ते खिडकीकडे राहतात. तुम्हाला पोचवल्यावर तुम्ही चालकाचा तुकडा त्याच्या हातात देता, तो घेऊन तो खिडकीवर परत येतो आणि तेव्हा त्याला त्याचं भाडं मिळतं. म्हणजे प्रवासभर तुमच्या हातातला तो कागद हीच त्याची मजुरी असते. तो तुमच्याकडे आहे तोवर तुम्हाला दादरला पोचवणं ही त्याची गरज आहे. तो त्याच्याकडे गेला की ती गरज संपली. वाटेत उतरवलं तर काय, असं तुम्ही विचारलंत. पावती तुमच्याकडे असेल तर वाटेत उतरवून त्याचंच नुकसान आहे, गॅसही गेला आणि भाडंही.

म्हणून तर पावती लवकर मागण्याचे प्रकार होतात. टॅक्सी सुरू होताना: «रसीद दे दो, गेट पे एंट्री करनी है.» गेटवर खरंच कुणी नंबर लिहून घेत असेल, तर तुम्ही पावती हातात धरून खिडकीतून दाखवा. वाचायला ती हातातून सोडावी लागत नाही. अर्ध्या वाटेत सिग्नलला: «मॅडम, पर्ची देखू, पत्ता समझ में नहीं आया.» पत्ता तोंडाने वाचून दाखवा, किंवा धर्मशाळेचा पत्ता लिहिलेला दुसरा कागद द्या. तो दुसरा कागद मुद्दाम त्यासाठीच ठेवा. आणि दादर जवळ आल्यावर: «बस, सामने ही है, पर्ची दो, मैं यहीं से मुड़ जाता हूँ.» इथे बहुतेक जण देऊन टाकतात, कारण पोचल्यासारखं वाटतं. तुम्ही म्हणा, «काका, दारात थांबवा, सामान उतरलं की देते.» आवाज चढवायची गरज नाही. तुम्हाला पद्धत माहीत आहे हे त्या एका वाक्यावरून त्याला कळतं आणि बहुधा तो पुढे काही बोलत नाही.

सामान उतरलं की, असं मी मुद्दाम म्हणते. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत बऱ्याचदा सीएनजीची टाकी असते, त्यामुळे मोठ्या बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढवतात. आधी बॅगा खाली, तिन्ही नग मोजा, आई उतरून उभी राहिली का बघा, धर्मशाळेच्या दरवाजावरची पाटी वाचा आणि मग पावती द्या. औषधं, रिपोर्ट आणि फाइल असलेली पिशवी मात्र टपावर देऊच नका, मांडीवर ठेवा.

वाटेत दुसरे काही पैसे मागितले तर? टर्मिनस ते दादर या रस्त्यावर टोल नाका नाही, त्यामुळे टोलचे पैसे हा प्रश्नच नाही. «नाइट चार्ज अलग» असं म्हणाला तर पावतीवरची वेळ दाखवा, रात्रीचा दर खिडकीवरच धरलेला असतो. खुशीने दहा-वीस रुपये द्यायचे असतील, त्याने बॅगा आत पायरीपर्यंत नेऊन दिल्या असतील, तर जरूर द्या. ते बक्षीस झालं, भाडं नव्हे, आणि ते पावती दिल्यानंतरच.

टॅक्सीवाल्यांच्या बाजूने दोन शब्द. हे लोक रांगेत तासन्‌तास उभे असतात, लांबचं भाडं मिळेल या आशेवर. नंबर आला आणि जवळचं भाडं लागलं की चेहरा पडतो. शिवाय हातात रोख येत नाही, पैशांसाठी परत टर्मिनसला यावं लागतं. तुमचं दादर अगदी जवळही नाही आणि फार लांबही नाही, त्यामुळे थोडी कुरकुर ऐकू आली तर मनावर घेऊ नका. कुरकुर वेगळी आणि नकार वेगळा. कुणी सरळ «नहीं जाऊंगा» म्हणाला, तर त्याच्याशी भांडत बसू नका, पावती घेऊन खिडकीवर परत जा आणि दुसरी गाडी मागा. हे टॅक्सी जागेवर असतानाच होऊ शकतं, म्हणून बॅगा चढवण्याआधी एकदा «दादर पूर्व, बरोबर?» असं विचारून त्याचा होकार घ्या. विनाकारण भाडं नाकारणं हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १७८ प्रमाणे दंडाचा गुन्हा आहे, आणि पावती, गाडीचा नंबर व वेळ असेल तर आरटीओकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे केलेल्या तक्रारीला वजन येतं. वाटेत खरंच भीती वाटली, गाडी भलतीकडे चालली असं वाटलं, तर ११२ लावा. तो नंबर पैशांच्या वादासाठी वापरू नका.

आता खिडकी बंद असेल तर. अशा खिडक्या मधूनमधून बंद असतात, पहाटे तर जास्तच, म्हणून दुसरा बेत तयार ठेवा. मी तुमच्या जागी असते तर पाचपर्यंत टर्मिनसवरच प्रतीक्षालयात बसले असते. पाचनंतर रात्रीचं २५ टक्के जादा भाडं सुटतं, आणि त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावर माणसं दिसू लागतात आणि घेरणारी मंडळीही पांगतात. पाऊण तास थांबल्याने आईलाही चहा घेऊन जरा सावरायला मिळेल.

मग टॅक्सीच्या अधिकृत रांगेतलीच टॅक्सी घ्या, कुणी हाताला धरून लांब नेलेली नको. बसताना एकच वाक्य: «दादर पूर्व, मीटरने.» तो रक्कम सांगू लागला तर पुढच्या टॅक्सीकडे जा. मीटर तुमच्यासमोर चालू झालं का बघा आणि त्यावर आधीच्या प्रवासाचा आकडा नाही ना, याची खात्री करा. मोबाइलवर नकाशा उघडून ठेवा, दादर पूर्व टाका आणि आवाज चालू ठेवा. टॅक्सीवाल्याला ऐकू गेला तरी चालेल, किंबहुना जाऊच द्या. घरी काढलेला १६५ चा आकडा तुमच्याकडे आहेच. मीटर दोनशेच्या आत-बाहेर थांबलं तर सगळं ठीक आहे. अ‍ॅपवरची गाडीही चालेल, तिथेही भाडं आधी दिसतं. मात्र पहाटे गर्दीच्या गाड्या एकत्र आल्या की तिथला आकडा चढतो, आणि चालक «गेटच्या बाहेर या» म्हणतो. आईला घेऊन बॅगांसकट तेवढं चालणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून मी ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवते.

टर्मिनसला लागूनच हार्बर लाइनचं टिळकनगर स्टेशन आहे, तिथून लोकलने जा असंही कुणी सुचवेल. कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, जिने चढावे लागतात. एकट्या जाल तेव्हा अगदी योग्य. आई बरोबर असताना नको.

परतीचं आत्ताच सांगून ठेवते. दादरहून टर्मिनसला येताना प्रीपेडची खिडकी शोधत बसू नका, धर्मशाळेच्या दारातून मीटरची टॅक्सी करा. तोवर तुम्हाला शीवचा रस्ता ओळखीचा झालेला असेल. टॅक्सीवाल्याला फक्त «टर्मिनस» किंवा «कुर्ला» म्हणू नका, «लोकमान्य टिळक टर्मिनस, टिळकनगरजवळ» असं पूर्ण सांगा. कुर्ला म्हटलं की तो कुर्ला लोकल स्टेशनला नेऊन सोडेल, आणि गाडी सुटायला अर्धा तास असताना बॅगा घेऊन तिथून टर्मिनस गाठणं फार जिवावर येतं.